कॉल सेंटरमधील आवाज, बैठक आणि डोळे: दुरुस्ती कुठून सुरू करावी

प्रश्न: मी पुण्यातील एका कॉल सेंटरमध्ये टीम लीडर आहे. माझ्या हाताखालचे 40 जण दुपारी 2 ते रात्री 11 या पाळीत मराठी आणि हिंदी ग्राहकांचे फोन घेतात. आठवडा संपता संपता बऱ्याच जणांचा आवाज बसतो, डोळ्यांची जळजळ होते, मान आणि कंबर दुखते. घशाच्या गोळ्या, गरम पाण्याचे यंत्र, निळा प्रकाश अडवणारे चष्मे असे सगळे देऊन झाले. आता कंपनी नॉइज कॅन्सलिंग हेडसेट घेण्याचा विचार करते आहे. नेमके काय करावे आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रातील डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षे अशा फ्लोअरवर जाऊन तपासणी करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपण लिहिलेल्या तीन तक्रारी वेगवेगळ्या उपायांनी सोडवायला गेल्यास तिन्ही शिल्लक राहतात. घसा बसतो तेव्हा आपण घशाकडे पाहतो. पण कॉल सेंटरमध्ये त्या त्रासाचे मूळ बहुतेक वेळा कानात आणि डोळ्यांत असते. स्वतःचा आणि ग्राहकाचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस जोर लावून बोलतो, आणि पडद्यावरचे नीट दिसत नाही म्हणून हनुवटी पुढे काढून बसतो. त्या बैठकीत मानेचे स्नायू ताणले जातात आणि त्यांच्याच मध्ये लटकलेले स्वरयंत्र आवळले जाते. म्हणून माझा क्रम आधी ऐकणे, मग दिसणे आणि बसणे, मग विश्रांतीचे वेळापत्रक आणि शेवटी घशाची निगा असा आहे.

प्रथम कामाचा भार किती आहे ते पाहू. 9 तासांच्या पाळीतून 1 तासाची सुटी वजा केली, की 8 तास म्हणजे 480 मिनिटे लॉगिन राहते. ऑक्युपन्सी 85 टक्के धरली तर 408 मिनिटे माणूस प्रत्यक्ष कॉलमध्ये किंवा कॉलनंतरच्या नोंदीत असतो. सरासरी हाताळणी वेळ, म्हणजे आपल्या भाषेत एएचटी, 6 मिनिटे असेल तर हे 68 कॉल होतात. त्यांपैकी प्रत्येकी 5 मिनिटे संभाषण आणि त्यातले निम्मे बोलणे कर्मचाऱ्याचे धरले, तर दिवसाला 170 मिनिटे बोलणे झाले. बोलताना साधारण निम्मा वेळ स्वरतंतू थरथरत असतात, आणि बहुतेक स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला 200 च्या आसपास वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. हिशेब केला तर एका पाळीत सुमारे 10 लाख आघात होतात. निरोगी स्वरतंतू एवढा भार पेलतात. मात्र तोच आवाज रोज थोडा चढ्या पट्टीत आणि थोड्या जास्त जोराने निघाला, तर प्रत्येक आघात अधिक जोराचा होतो आणि 10 लाखांनी गुणला जातो. स्त्रियांचे स्वरतंतू आखूड असतात आणि पुरुषांच्या मानाने जवळजवळ दुप्पट वेगाने थरथरतात. एकाच फ्लोअरवर एकच काम करणाऱ्या मुलींचा आवाज आधी बसतो, यामागे हे शारीरिक कारण आहे. त्याला नाजूकपणा समजू नये.

आता जोर का लागतो ते पाहू. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने 1911 मध्ये दाखवून दिले, की कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो आणि गोंगाट थांबवला की आवाज आपोआप खाली येतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असल्यामुळे "हळू बोला" असे सांगून ती थांबत नाही. गोंगाट 10 डेसिबलने वाढला तर बोलणाऱ्याचा आवाज साधारण 3 ते 6 डेसिबलने चढतो. पण फ्लोअरवरचा गोंगाट म्हणजे शेजाऱ्यांचे बोलणेच असते. एकाने आवाज चढवला की शेजारचा चढवतो, त्यामुळे पहिला आणखी चढवतो. संध्याकाळी 6 ते 8 या वेळात क्यू वाढली की सगळा बे कसा हळूहळू तापत जातो हे आपण पाहिलेच असेल. त्यात टाइलची जमीन, काचेच्या भिंती आणि कमी उंचीची पार्टिशने असतील, तर आवाज शोषला न जाता परत फिरतो. विक्री झाली की घंटा वाजवणे आणि फ्लोअरच्या मधोमध उभे राहून आकडे ओरडून सांगणे या प्रथाही त्यात भर घालतात.

याच कारणासाठी हेडसेटची मागणी नोंदवण्याआधी थांबावे अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. नॉइज कॅन्सलिंग या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे मायक्रोफोनने आजूबाजूचा गोंगाट गाळून ग्राहकाला स्वच्छ आवाज देणे. यात ग्राहकाचा फायदा होतो, पण कर्मचाऱ्याच्या घशाला थेट काही मिळत नाही. दुसरी म्हणजे दोन्ही कान झाकून बाहेरचा गोंगाट कमी करणे. ही उपयोगाची आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. कान बंद झाले की स्वतःचा आवाज कोंदट आणि दूर गेल्यासारखा ऐकू येतो आणि तो भरून काढण्यासाठी माणूस आणखी मोठ्याने बोलतो. यावर उपाय म्हणजे साइडटोन, म्हणजे स्वतःच्या आवाजाचा थोडा अंश स्वतःच्याच कानात परत सोडणे. साइडटोन पुरेसा असला की बोलणारा आपोआप आवाज खाली आणतो. दोन्ही कान झाकणारे महागडे हेडसेट आले आणि घशाच्या तक्रारी वाढल्या, असे मी पाहिले आहे. तिथे साइडटोन बंद होता. तो सुरू केल्यावर तेच हेडसेट उपयोगी ठरले.

हेडसेटसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये `Sidetone` नावाची पट्टी असते. ती शून्यावरून मध्यावर आणून प्रत्येकाला स्वतः ठरवू द्यावी. फार वाढवली तर माणूस इतका हळू बोलतो, की ग्राहकाला ऐकू जात नाही आणि क्यूए गुण कापतो. संगणकाच्या सेटिंगमधून स्वतःचा आवाज परत ऐकवण्याचा मार्ग मात्र टाळावा, कारण तो आवाज किंचित उशिरा येतो आणि उशिरा आलेला स्वतःचा आवाज ऐकताना बोलणे अडखळते. हेडसेटमधला साइडटोन जवळजवळ तत्काळ येतो. खरेदीच्या अटींमध्ये दोन्ही कान, बदलता येणारा साइडटोन आणि प्रत्येकाची स्वतंत्र कानगादी या तीन गोष्टी लिहाव्यात.

मायक्रोफोनची जागाही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर, तोंडासमोर न येता किंचित बाजूला असावी. फ्लोअरवर फेरी मारून पाहा. निम्म्या दांड्या हनुवटीखाली किंवा गालाजवळ वर गेलेल्या सापडतील. मायक्रोफोन दूर गेला की ग्राहक "ऐकू येत नाही" म्हणतो आणि कर्मचारी दांडी खाली घेण्याऐवजी आवाज वर घेतो.

त्याहून अवघड बाब खराब लाइनची आहे. ग्राहक रस्त्यावर किंवा बसमध्ये असतो, त्याचा आवाज तुटतो आणि आपला माणूस ओरडू लागतो. ओरडल्याने लाइन सुधारत नाही. अशा वेळी "दादा, आवाज तुटतोय, जरा शांत जागी येता का, की मी दहा मिनिटांनी फोन करू?" असे म्हणण्याची अधिकृत मुभा आणि त्यासाठी परत फोन करण्याचा पर्याय स्क्रिप्टमध्ये असला पाहिजे. एएचटी वाढेल या भीतीने टीम लीडर ही मुभा देत नाहीत. पण तीच तक्रार तीन वेळा ओरडून सांगण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

स्क्रिप्टबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे कोणी घशाच्या दृष्टीने पाहत नाही. "नमस्कार, अमुक कंपनीच्या ग्राहक सेवेत आपले स्वागत आहे, मी अमुक बोलते आहे, मी आपली काय मदत करू शकते" हे वाक्य बहुतेक जण एका श्वासात आणि नेहमीपेक्षा चढ्या पट्टीत म्हणतात, कारण प्रशिक्षणात "आवाजात हसू आणा" असे सांगितलेले असते. शेवटच्या चार शब्दांपर्यंत छातीतली हवा संपलेली असते आणि ते शब्द गळा आवळून काढले जातात. दिवसाला 68 वेळा हे घडते. वाक्याचे दोन तुकडे करावेत, मध्ये एक श्वास घ्यावा, आणि आपल्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीतच म्हणावे. विमा किंवा कर्जाच्या प्रक्रियेत अटी वाचून दाखवण्याचा लांब मजकूर असतो, त्यातही श्वासाच्या जागा तिरक्या रेघेने दाखवून द्याव्यात. क्यूएच्या तपासणीपत्रकात "श्वासासाठी थांबणे" हा दोष धरला जात असेल तर तो काढून टाकावा.

आता डोळ्यांकडे येतो. पडद्याकडे पाहताना डोळे मिटण्याचे प्रमाण खूप घटते. एरवी मिनिटाला 15 ते 20 वेळा पापणी मिटते, ती एकाग्रतेने वाचताना 5 ते 7 वर येऊ शकते, आणि त्यांतल्या अनेक मिटण्या अर्धवट असतात. अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर हे आणखी लवकर होते. त्यामुळे पहिला उपाय झोत वळवण्याचा. छताच्या जाळीखाली टिश्यू पेपरची पट्टी धरून झोत कुठे जातो ते दिसते. ज्या खुर्चीवर पट्टी फडफडते तिथली जाळी वळवावी किंवा खुर्ची सरकवावी. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहण्याचा प्रचलित नियम चांगला आहे, पण चालू कॉलमध्ये घड्याळ कोण पाहणार? मी लोकांना तो कॉलच्या शेवटाशी बांधायला सांगतो. कॉल संपला, नोंद सेव्ह झाली, की डोळे पूर्ण मिटून उघडायचे आणि बेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायचे. 68 कॉल म्हणजे 68 संधी.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांबाबत स्पष्ट सांगतो. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, साध्या काचांच्या तुलनेत अल्पकाळात या चष्म्यांनी पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसत नाही. तो पैसा नेत्रतपासणीवर खर्च केला असता तर अधिक उपयोग झाला असता. कॉलेजात लागलेला नंबर पाच वर्षांनी तसाच वापरणारे, थोडा तिरका नंबर असूनही चष्मा न लावणारे आणि चाळिशी आली तरी ती मान्य न करणारे असे अनेक जण कोणत्याही पथकात असतात. तपासणीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, ती म्हणजे कामाचे अंतर. पडदा हातभर अंतरावर, साधारण 50 ते 70 सेंटीमीटरवर असतो, तर वाचनाचा चष्मा बहुधा 40 सेंटीमीटरसाठी दिलेला असतो. म्हणून चाळिशीनंतरचा माणूस पडद्याजवळ तोंड नेतो, आणि मान दुखते म्हणून खुर्चीला दोष देतो.

पडद्याची उंची ठरवताना डोळे आणि मान यांच्या गरजा थोड्या वेगळ्या असतात. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर मान खाली झुकते. तो फार वर उचलला तर डोळे विस्फारून पाहावे लागते, डोळ्याचा जास्त भाग उघडा राहतो आणि कोरडेपणा वाढतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असली, की दोन्ही गोष्टी साधतात. लॅपटॉप असेल तर त्याखाली स्टँड आणि वेगळा कीबोर्ड हवाच. सीआरएमची अक्षरे मोठी करण्याची परवानगी नसते अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो. ती आयटी विभागाकडून मिळवून द्या, कारण हनुवटी पुढे येण्याचे ते एक मोठे कारण आहे.

खुर्चीची गोष्ट टेबलापासून सुरू होते. आपल्याकडची बहुतेक टेबले 72 ते 75 सेंटीमीटर उंचीची आणि न हलणारी असतात. 150 सेंटीमीटर उंचीची मुलगी पाय जमिनीला टेकवून बसली तर तिची कोपरे जमिनीपासून साधारण 60 सेंटीमीटरवर येतात. टाइप करण्यासाठी तिला खांदे उचलून धरावे लागतात. तिने खुर्ची वर केली तर पाय लोंबकळतात आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतते. त्यामुळे ती पुढच्या कडेवर सरकून, पाठ न टेकता बसते आणि कंबर दुखते. तिला नवी खुर्ची नको आहे. 12 ते 15 सेंटीमीटर उंचीचे मजबूत पायटेकण हवे आहे. आधी कोपरे टेबलाच्या उंचीला येईपर्यंत खुर्ची वर करणे, मग पाय टेकवणे, मग पाठीचा आधार कमरेच्या खोलगट भागाशी आणणे, असा क्रम ठेवला तर एका मिनिटात बैठक लागते. पाळीपाळीने एकच खुर्ची तिघे वापरत असल्यामुळे हे मिनिट रोज लॉगिनच्या आधी मिळायला हवे. लॉगिनला उशीर झाला म्हणून गुण कापले जात असतील तर कोणी खुर्चीला हात लावणार नाही.

मात्र चांगली बैठकही सलग चार तास टिकवली तर ती वाईटच ठरते. स्नायूंना आणि मणक्यांमधल्या चकत्यांना हालचालीची गरज असते. ग्राहकाला होल्डवर ठेवले असताना उभे राहणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि त्यासाठी हेडसेटची तार पुरेशी लांब असावी लागते. तारेच्या मध्यावर जोड सुटणारा क्यूडी असेल तर जागेवरून उठताना हेडसेट काढावाही लागत नाही. उभे राहिले की श्वासपटलाला जागा मिळते आणि त्यामुळे आवाजही मोकळा होतो. कठीण ग्राहकाशी उभे राहून बोलणाऱ्यांचा घसा कमी दुखतो, असा माझा अनुभव आहे.

विश्रांतीच्या बाबतीत व्यवस्थापनाशी आकड्यांत बोलावे लागते, म्हणून हिशेब देतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या मूळ तरतुदीत सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. ती जेवणासाठी ठीक आहे, पण घशासाठी आणि डोळ्यांसाठी 5 तास फार होतात. त्यांना थोडी पण वारंवार विश्रांती लागते. सध्याच्या सुट्ट्यांच्या मधल्या तासांत 5 मिनिटांच्या 4 जादा विश्रांती दिल्या, तर एका माणसाची 20 मिनिटे जातात, म्हणजे लॉगिनच्या साधारण 4 टक्के. 40 जणांची 800 मिनिटे होतात, म्हणजे दोन माणसांच्या कामापेक्षाही कमी. याची तुलना महिन्यात आवाज बसल्यामुळे घेतलेल्या रजांशी आणि नोकरी सोडून गेलेल्यांच्या जागी नव्याने दिलेल्या प्रशिक्षणाशी करा. हे आकडे आपल्या वर्कफोर्स विभागाकडे असतात. सुट्टी देणे अगदीच शक्य नसेल तर तासातली काही मिनिटे ईमेल किंवा चॅटच्या कामाची द्यावीत. त्याने घसा सुटतो, डोळे मात्र सुटत नाहीत, हे लक्षात ठेवावे. आणि विश्रांतीच्या खोलीत मोठ्या आवाजात टीव्ही चालू असेल तर ती घशाची विश्रांती राहत नाही, कारण तिथेही गप्पा ओरडूनच मारल्या जातात.

पाण्याचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. पिलेले पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही. ते अन्ननलिकेतून जाते, शरीरात मुरते आणि मग काही तासांनी स्वरतंतूंचा पृष्ठभाग ओला राहण्यास मदत करते. म्हणून आवाज बसल्यावर ढसाढसा पाणी पिण्यापेक्षा पाळी सुरू होण्याआधीपासून घोट घोट पिणे उपयोगी असते. पण अनेक मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण बायो ब्रेकची मिनिटे मोजली जातात आणि टीम लीडर पडद्यावर पाहून हाक मारतो. मग कोरडा घसा आणि त्याबरोबर लघवीचा जंतुसंसर्गही मागे लागतो. "भरपूर पाणी प्या" अशी पत्रके लावण्याऐवजी बायो ब्रेक वैयक्तिक गुणांकनातून काढून टाका. हे आपल्या हातात असलेले सर्वांत प्रभावी औषध आहे.

घशाच्या गोळ्यांमधल्या पुदिन्याच्या अर्काने गारवा जाणवतो आणि दुखणे दबते, पण ताण तसाच राहतो. दुखणे दबल्यामुळे माणूस आणखी दोन तास त्याच जोराने बोलतो. ज्येष्ठमध आणि खडीसाखर चघळल्याने लाळ सुटते, ते ठीक आहे. गुळण्यांचे पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. वाफ पोचते. खाकरण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्या जागी चिकट स्राव येतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. खाकरण्याऐवजी एक घोट पाणी घेऊन गिळावे. कुजबुजत बोलणे ही विश्रांती आहे असा समज आहे, तोही खरा नाही. अनेक जण कुजबुजताना गळा जास्तच आवळतात.

व्यायामांपैकी मी एकच सुचवतो, कारण तो लोक खरोखर करतात. अर्धा पेला पाणी घ्यावे, त्यात साधी स्ट्रॉ साधारण 2 सेंटीमीटर बुडवावी आणि हळू "ऊ" म्हणत बुडबुडे काढावेत. स्ट्रॉमुळे तोंडात थोडा दाब तयार होतो, तो स्वरतंतूंना वरून आधार देतो आणि ते कमी जोराने आपटून थरथरतात. आधी एकाच पट्टीत, मग आवाज सावकाश खाली-वर नेत एक-दोन मिनिटे करावे. लॉगिनच्या आधी, जेवणानंतर कामाला बसताना आणि पाळी संपल्यावर केले तर पुरते. करताना घसा दुखला तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे.

हे सगळे एकत्र कसे दिसते, ते एका उदाहरणावरून सांगतो. 29 वर्षांची एक कर्मचारी, कर्जाच्या थकबाकीसाठी आऊटबाउंड कॉल करणारी, माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज सोमवारी ठीक असे आणि गुरुवारी दुपारपर्यंत घोगरा होई. घोगरेपणा दीड महिना चालू होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिले तेव्हा दोन्ही स्वरतंतूंवर, पुढच्या आणि मधल्या तृतीयांशाच्या सांध्यावर, छोट्या मऊ गाठी होत्या. जास्तीत जास्त आघात तिथेच होतो, त्यामुळे गाठीही तिथेच येतात. तिची जागा पाहिली. ती वाटेच्या कडेला, एसीच्या जाळीखाली बसत होती. हेडसेट एका कानाचा होता, दांडी हनुवटीखाली आणि साइडटोन बंद. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवलेला होता. चष्मा चार वर्षांपूर्वीचा. रात्री 11 नंतर घरी जाऊन मसालेदार जेवण आणि अर्ध्या तासात झोप, त्यामुळे सकाळी घशाशी आंबट येई. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी पुरेशी नव्हती. सगळ्या मिळून तिचा गळा आवळत होत्या.

तिला दोन आठवडे पूर्ण पगारावर ईमेलच्या कामावर ठेवले आणि या काळात वाचा-उपचारतज्ज्ञांकडे सत्रे सुरू केली. दरम्यान जागा बदलली, दोन्ही कानांचा हेडसेट साइडटोनसह दिला, लॅपटॉप उचलला, चष्म्याचा नंबर बदलला. मुख्य जेवण पाळीच्या सुट्टीत हलवले आणि घरी गेल्यावर हलके खाणे ठेवले. तिसऱ्या आठवड्यात रोज 2 तास, चौथ्या आठवड्यात 4 तास, मग पूर्ण पाळी अशा पायऱ्यांनी ती परतली. मऊ आणि नव्या गाठी अशा उपायांनी पुष्कळदा विरतात. जुन्या, कडक झालेल्या गाठींना कधी कधी शस्त्रक्रिया लागते, आणि बोलण्याची पद्धत बदलली नसेल तर त्या पुन्हा येतात. "पूर्ण पगारावर" हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. आवाज बसल्याचे सांगितले की इन्सेंटिव्ह जातो, असे असेल तर लोक गाठ कडक होईपर्यंत लपवतात.

आपल्या पथकात सुरुवात करताना पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद करावी. प्रत्येकाने पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी आवाज, डोळे, मान आणि कंबर यांच्या त्रासाला 0 ते 10 गुण द्यावेत, आणि आपण दुपारी, संध्याकाळी व रात्री ध्वनिमापकाने बेमधला गोंगाट नोंदवावा. मोबाइलचे ॲप अचूक नसते, पण तोच फोन त्याच जागी धरला तर आधीची आणि नंतरची तुलना करता येते. मग एकाच बेमध्ये साइडटोन, दांड्या, जाळ्या, स्टँड आणि पायटेकणे एवढेच बदल करावेत आणि दोन आठवडे पुन्हा नोंद करावी. पाळीच्या शेवटचे गुण उतरले पण सुरुवातीचे तसेच राहिले, तर रात्रीची विश्रांती अपुरी पडते आहे किंवा आम्लपित्ताचा त्रास आहे असे समजून चौकशी करावी. सगळ्यांचे उतरले आणि एक-दोघांचे उतरले नाहीत, तर दोष जागेत राहिलेला नाही. त्यांना डॉक्टरकडे पाठवावे.

काही लक्षणांत या नोंदींची वाट पाहू नये. घोगरेपणा 3 आठवड्यांहून जास्त टिकला तर दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. तंबाखू, गुटखा किंवा सिगारेटची सवय असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर त्याही आधी. बोलता बोलता आवाज एकदम गेला तर स्वरतंतूत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी बोलणे पूर्ण थांबवावे, ॲस्पिरिनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवावे. श्वास घेताना घरघर होत असेल तर थेट रुग्णालयात न्यावे. एका डोळ्याची नजर अचानक कमी होणे, हाताला सतत मुंग्या येऊन पकड ढिली होणे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे यांपैकी काहीही दिसले तर ते पडद्याच्या किंवा खुर्चीच्या नावावर घालू नये. त्या माणसाला पाळी संपेपर्यंत थांबवून न ठेवता लगेच सोडावे आणि कोणाला तरी सोबत पाठवावे.